रिफ्रेश तर केलं होतं

हॉस्पिटलाच्या माहिती कक्षात बसणाऱ्या त्या बाईंना सगळे अजून सिस्टरच म्हणतात. वॉर्ड सोडून त्यांना आठ वर्षं झाली. एका जाडजूड रुग्णाला एकटीनं कुशीवर वळवताना पाठीतून कट्‌ असा आवाज आला, आणि बावीस वर्षांची उभ्यानं केलेली नोकरी एकदम बसून करायची झाली. खुर्ची मिळाली, कॉम्प्युटर मिळाला, आणि पाठीला लावायला एक उशी मिळाली. कॉम्प्युटर कसा चालवायचा ते मात्र कोणी शिकवलं नाही. ते त्या घरी लेकीकडून शिकल्या. लेक तेव्हा कॉलेजात. "आई, किती वेळा सांगू? हे आत्ताच दाखवलं ना!" असं ती दिवसातून दहा वेळा म्हणायची आणि सिस्टर मुकाट ऐकून घ्यायच्या. आयुष्यात कोणाचं ऐकून घेतल्याचा तेवढाच एक काळ.

कारण राग हा त्यांचा जुना सोबती. वॉर्डात असताना डॉक्टरसुद्धा सलाईनची बाटली संपायच्या आत जागेवर असायचे. "सिस्टर ओरडतील" हे वाक्य चार मजल्यांवर चालायचं. पण माणसं त्यांना टाळत नसत, कारण ओरडून झालं की काम झालेलं असायचं.

तर अशा ह्या सिस्टर त्या सोमवारी पाठीचे व्यायाम उरकून दहा वाजता कक्षात आल्या, तेव्हा भांडारकाका खुर्चीत नव्हते. ते खिडकीपाशी भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांच्या हातात एक कागद होता.

भांडारकाका म्हणजे औषधांच्या भांडाराचे जुने कारकून. वय चोपन्न. भांडार बाहेरच्या कंपनीकडे गेलं तेव्हा तिथली माणसं कुठे कुठे वाटली गेली, आणि काका दहा दिवसांपूर्वी माहिती कक्षात येऊन पडले. माऊस असा धरायचे, जणू जिवंत आहे आणि चावेल. पण माणूस एकदम चोख. तीस वर्षांत त्यांच्या भांडारातून एक इंजेक्शन इकडचं तिकडे झालं नव्हतं.

"काय झालं काका? कागद कसला?"

काकांनी कागद पुढे केला.

कागद उपअधीक्षक साहेबांचा होता. आज सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी नवजात बालकांच्या कक्षात जागा नसताना फलकावर दोन जागा रिकाम्या दाखवल्या गेल्या. त्यामुळे बाहेरून पाठवलेल्या एका बालकाला दारातून परत पाठवावं लागलं. फलक वेळेवर रिफ्रेश न करणं ही आपली गंभीर हयगय असून आपल्याला परत का पाठवू नये, याचा खुलासा बारा वाजता समक्ष द्यावा.

परत. भांडार राहिलंच नव्हतं, तर परत म्हणजे घरी.

"बाळ?" सिस्टरांनी पहिलं तेच विचारलं.

"पलीकडच्या हॉस्पिटलात नेलं. पंचवीस मिनिटं लागली. दीड किलोचं पण नाही म्हणे. सात मिनिटं आपल्या जिन्यापाशीच गेली, कुठे ठेवायचं ते बघण्यात." काकांनी खिडकीतून खाली बघितलं. "बाप उभा होता सिस्टर. दोन्ही हात असे पुढे धरून. बाळ हातात नव्हतंच त्याच्या, ते नर्सकडे होतं. तरी हात तसेच."

सिस्टरांनी उभ्याउभ्याच फोन उचलला. पलीकडच्या हॉस्पिटलात त्यांच्याबरोबर शिकलेली एकजण होती. बोलणं अर्ध्या मिनिटात संपलं. बाळ वॉर्मरमध्ये होतं, अंगात ऊब आली होती, श्वासाला मशीन लावलं होतं. पुढचं संध्याकाळपर्यंत कळेल.

फोन खाली ठेवला आणि मग त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काका, मी तुम्हाला एकच काम दिलं होतं! एक! आठ वाजता यायचं, रिफ्रेश करायचं, बटणावर बोट ठेवायचं! तेवढंही..."

"केलं होतं."

"काय केलं होतं?"

"रिफ्रेश तर केलं होतं, सिस्टर. आठ वाजता केलं. साडेआठला केलं. नऊला केलं. नऊ पाचला परत केलं, कारण मला वॉर्डातून जाताना सगळे चालू वॉर्मर भरलेले दिसले होते आणि फलक दोन रिकामे म्हणत होता. म्हटलं आपलंच काही चुकलं. मग केलं, करत राहिलो. अकरा वेळा केलं." काकांनी खिशातून छोटी वही काढली. अकरा वेळा, अकरा वेळांच्या नोंदी, भांडाराच्या अक्षरात. "वरती वेळ बदलत होती. आकडा दोनच."

सिस्टर खुर्चीत बसल्या, उशी न लावता.

फलक म्हणजे खालच्या मजल्यावर रुग्णवाहिका येतात तिथल्या भिंतीवरचा मोठा पडदा. कोणत्या कक्षात किती खाटा, किती भरलेल्या, किती रिकाम्या. बाहेरून फोन आला की टेलिफोनवरचा माणूस पडद्याकडे बघून सांगतो, या किंवा येऊ नका. नवजात कक्षात बारा वॉर्मर. आज दहांत बाळं होती. उरलेले दोन तीन आठवड्यांपासून बिघडलेले, भिंतीला लावून ठेवलेले, वर चिठ्ठ्या चिकटवलेले. बारातून दहा गेले, उरले दोन. शाळेतलं पोर सांगेल. पण ते दोन गरमच होत नव्हते.

आणि हेच, नेमकं हेच, सिस्टरांनी तीन आठवड्यांपूर्वी दुरुस्त केलं होतं. वॉर्मर बिघडले त्याच दिवशी. हिशोबाचं सूत्र बदललं होतं, दुरुस्तीतले वॉर्मर वजा केले होते, बाजूला लाल चौकट नवी काढली होती, त्यात लिहिलं होतं 'बंद: २'.

टेबलावरच्या कॉम्प्युटरवर तोच फलक उघडा होता; त्यात आत्ता लाल चौकट नव्हती.

"ही चौकट कुठे गेली?"

"कोणती चौकट?" काका म्हणाले. "शुक्रवारपर्यंत होती बहुतेक. आज नाहीच आहे. मला वाटलं तुम्हीच काढली असेल."

सिस्टरांनी कागद परत वाचला. फलक वेळेवर रिफ्रेश न करणं. त्या हसल्या, आणि ते हसणं बघून काका आणखी भिंतीला चिकटले.

"ह्या हॉस्पिटलात सगळ्या दुखण्यावर एकच गोळी. रिफ्रेश! आकडा चुकला, रिफ्रेश मारा. रंग आवडला नाही, रिफ्रेश मारा. साहेबांचा जावई रुसला तरी म्हणतील रिफ्रेश मारा! या, बसा इथे. दीड तास आहे. बारा वाजता तुम्हीच बोलणार आहात."

"मी? सिस्टर, तुम्हीच बोला हो. मला ह्यातलं काय कळतं?"

"कळत नाही ती माझी चूक. दहा दिवस झाले, मी तुम्हाला बटण दाखवलं आणि म्हटलं बाकी कशाला हात लावू नका. माकडाला शिकवतात तसं शिकवलं. बसा म्हणते ना!"

काका बसले. खुर्चीच्या कडेवर, बसमध्ये तिसऱ्या माणसानं बसावं तसे.

"पूर्वी खाली काय होतं? ह्या पडद्याच्या जागी?"

"काळा फळा. खडूनं लिहायचो आपण. मीच लिहायचो कधी कधी, औषधांचा साठा."

"बरं. रोज सकाळी काय करायचात?"

"कालचे आकडे पुसायचे, आजचे लिहायचे."

"रेघा पुसायचात?"

"रेघा कशाला पुसू? त्या पांढऱ्या रंगानं आखलेल्या होत्या. रकाने तेच, आकडे नवे."

"हे रिफ्रेश. एवढंच. रकाने तेच, सूत्र तेच, आकडे ताजे. वॉर्डातल्या नर्सा त्यांच्या कॉम्प्युटरवर नोंदी करतात, रिफ्रेश केलं की फलक तिथे जाऊन ताज्या नोंदी उचलून आणतो. पण हिशोब कसा करायचा हे रिफ्रेश ठरवत नाही. हिशोब चुकीचा असेल तर ताज्या आकड्यांचा चुकीचा हिशोब. तुम्ही आज अकरा वेळा तेच केलंत. ताजं-ताजं चूक."

काकांनी वहीत काहीतरी लिहिलं.

"आता समजा फळ्यावर एक रकाना नवा हवा. 'बंद' नावाचा. पुसून होईल?"

"नाही. नवा आखावा लागेल."

"ती बांधणी. फलक नव्यानं बांधायचा. मी इथे, ह्या माझ्या कॉम्प्युटरवर फाईल उघडते, रकाना आखते, सूत्र बदलते, जतन करते. खाली पडद्यावर काय बदललं?"

काका विचारात पडले. मग सावकाश म्हणाले, "तुमच्या कॉम्प्युटरवर... म्हणजे फळा आतल्या खोलीत आखला. खाली भिंतीवर जुनाच आहे. तर काहीच नाही बदललं."

सिस्टर क्षणभर राग विसरल्या. वॉर्डात नवी नर्स पहिल्यांदा नस बरोबर शोधायची तेव्हा त्यांना असं व्हायचं. पण लगेच राग आठवला.

"मग तिसरी गोष्ट. आतला फळा उचलायचा, खाली न्यायचा, भिंतीवरचा काढायचा आणि हा टांगायचा. ह्याला म्हणतात पब्लिश करणं. आधीच एक टांगलेला असेल तर त्याच्या जागी दुसरा, परत पब्लिश. कॉम्प्युटर विचारतो, ह्या नावाचा आधीच आहे, बदलू का? हो म्हटलं की जुना गेला. पूर्ण. चौकट, सूत्र, सगळं."

"म्हणजे कोणीतरी..." काकांचं पेन थांबलं. "म्हणजे कोणीतरी लाल चौकट नसलेला फळा आणून टांगला? आणि मी त्याच्यावर अकरा वेळा आकडे लिहीत बसलो?"

"हां! आता माणसासारखं बोललात."

कोणीतरी म्हणजे कोण, हे शोधायला पाच मिनिटं लागली. फलक चढवायचा अधिकार दोघांनाच होता. एक सिस्टर, दुसरे उपअधीक्षक साहेब. त्यांनी तो अधिकार मागून घेतला होता, का ते कोणाला ठाऊक नव्हतं, बहुधा कोणाकडे तरी आहे आणि आपल्याकडे नाही हे सहन न झाल्यामुळे. सिस्टरांनी कॉम्प्युटर विभागाला फोन लावला. तिथल्या मुलीनं नोंद वाचून दाखवली आणि छापून पाठवलीही: शनिवारी दुपारी तीन दहा, उपअधीक्षक, फलक बदलला.

शनिवारी. सिस्टरांना सगळं दिसलं. मंगळवारी पाहणीसाठी कोणी मोठे लोक येणार होते. साहेबांनी गेल्या आठवड्यात दोनदा म्हटलं होतं, मथळा निळा हवा, हॉस्पिटलाचं चिन्ह वर हवं. सिस्टर म्हणाल्या होत्या, सोमवारी करते. साहेबांना तेवढा धीर कुठला! चार महिन्यांपूर्वी त्यांनी फाईल बघायला म्हणून मागवून घेतली होती. ती त्यांच्या लॅपटॉपवर पडून होती. तीच उघडली, मथळा निळा केला, चिन्ह डकवलं आणि टांगून दिली. कॉम्प्युटरनं विचारलं, बदलू का? साहेब म्हणाले हो. शनिवारी-रविवारी कोणी बाळ बाहेरून आलं नाही, म्हणून चूक दोन दिवस गप्प बसून राहिली.

आणि वर हाच माणूस सोमवारी खुलासा मागतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फास वळणारा चोर स्वतःच.

"निळा मथळा!" सिस्टर ओरडल्या. शेजारच्या खोलीतलं टायपिंग थांबलं. "दीड किलोचं लेकरू जिन्यात, आणि ह्यांना निळा मथळा हवा होता! थांबा. आधी हे खालचं उतरवते."

त्यांनी स्वतःची फाईल उघडली. लाल चौकट होती, सूत्र होतं. पब्लिश. बदलू का? हो, हो, हो. निळा मथळा गेला. लाल चौकट भिंतीवर परत आली.

"झालं!" त्यांनी खुर्ची मागे ढकलली.

काका पडद्याकडे बघत होते. त्यांच्या टेबलावरही तोच फलक दिसायचा. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"सिस्टर."

"काय?"

"रागावू नका."

"बोला हो!"

"वरची वेळ तीन आठवड्यांपूर्वीची आहे. आणि नवजात कक्षात रिकामे तीन दाखवतोय."

सिस्टरांनी बघितलं. खरंच. फाईल तीन आठवड्यांपूर्वी बांधलेली. तिच्या पोटात आकडेही त्याच दिवसाचे. त्या दिवशी सातच बाळं होती. आतल्या खोलीतला फळा आणताना त्याच्यावर लिहिलेले आकडेही त्याच्याबरोबर येतात, हे त्यांनी दहा मिनिटांपूर्वी काकांना सांगायलाच हवं होतं. नवी फाईल चढवायच्या आधी ती इथेच ताजी करायची, नाहीतर चढवल्याबरोबर रिफ्रेश करायचं. आठ वर्षं त्या हे करत आल्या होत्या. आज संतापात विसरल्या.

खालचा फोन वाजत असेल तर? टेलिफोनवरचा माणूस वर मान करून म्हणत असेल, या, तीन जागा आहेत?

"काका, रिफ्रेश!"

पण काकांचं बोट आधीच बटणावर होतं. पडद्यावर छोटं चक्र गोल गोल फिरत राहिलं. मिनिटभर. मग वेळ आजची आली. एकूण बारा, भरलेले दहा, बंद दोन, रिकामे शून्य.

सिस्टरांनी खाली फोन करून विचारलं. नाही, मधल्या वेळात कोणाचा फोन आला नव्हता.

राग कुठे गेला नव्हता, पण आता त्यात त्यांचा स्वतःचाही वाटा होता, आणि स्वतःवरचा राग ओरडून कमी होत नाही.

"तीन मिनिटं," त्या म्हणाल्या. "लिहा वहीत. दहा बावन्न ते दहा पंचावन्न, चुकीचा फलक, माझ्या हातून."

"राहू द्या हो सिस्टर. कोणाला कळणार आहे?"

"लिहा म्हणते ना."

बारा वाजता ते मोठ्या मॅडमच्या खोलीत गेले. मोठ्या मॅडम म्हणजे हॉस्पिटलाच्या अधीक्षक, बोलायला कमी, ऐकायला जास्त. उपअधीक्षक साहेब आधीच बसलेले, पायावर पाय टाकून.

"सकाळपासून हेच सांगतोय," साहेब म्हणाले, "साधं बटण दाबायचं. रिफ्रेश. तेवढंही जमत नसेल तर माणूस इथे कशाला?"

सिस्टरांनी तोंड उघडलं, मग मिटलं. त्यांनी काकांच्या पाठीवर, खांद्याच्या जरा खाली, दोन बोटं टेकवली. वॉर्डात त्या घाबरलेल्या रुग्णाला उठवताना टेकवत तशी.

काकांनी वही उघडली. पहिली दोन वाक्यं कोणाला ऐकूच आली नाहीत. तिसरं ऐकू आलं.

"मॅडम, रिफ्रेशनं आकडे बदलतात. हिशोब बदलत नाही." त्यांनी वहीचं पान उलटलं. "सिस्टरांनी हिशोब दुरुस्त करून नवा फलक चढवला होता. त्याच्यावर शनिवारी तीन दहाला कोणीतरी चार महिन्यांपूर्वीचा फलक चढवला. त्यामुळे दुरुस्तीतले वॉर्मर परत रिकाम्यात मोजले गेले. मी आज शंभर वेळा रिफ्रेश केलं असतं तरी दोनच आले असते."

"कोणीतरी म्हणजे?" मॅडमनी विचारलं.

तीस वर्षं साहेब लोकांच्या हाताखाली काढलेल्या माणसाची जीभ तिथे अडते. काकांनी कॉम्प्युटर विभागाचा छापील कागद फक्त टेबलावर ठेवला आणि मॅडमकडे सरकवला.

मॅडमनी वाचला. साहेबांनी पायावरचा पाय खाली घेतला.

"मी तर फक्त रंग बदलला होता," साहेब म्हणाले. "एक रंग, एक चिन्ह. आकड्यांना हातसुद्धा लावला नाही. मला काय ठाऊक मागून सगळंच जातं ते?"

"ठाऊक नव्हतं ना?" आता सिस्टरांनी तोंड उघडलं. "ह्यांनाही ठाऊक नव्हतं, म्हणून हे घरी निघाले होते. तुम्हाला ठाऊक नव्हतं, तर तुम्ही कागद काढणारे? आकडा चुकतोय हे ह्या माणसाला सकाळी नऊ वाजताच दिसलं, साहेब. ह्यानं अकरा वेळा प्रयत्न केला. तुम्ही दोन दिवसांत एकदा तरी खाली जाऊन बघितलंत? निळा छान दिसतो का एवढं तरी?"

"सिस्टर," मॅडम म्हणाल्या, "हळू."

"हळू कशी बोलू? बाप हात पुढे धरून उभा होता."

मग सिस्टर, आवाज न चढवता, स्वतःच्या तीन मिनिटांचं सांगून मोकळ्या झाल्या. साहेबांच्या डोळ्यांत लगेच चमक आली. "बघा! म्हणजे ह्यांच्याकडूनही..."

"माझ्याकडूनही," सिस्टर म्हणाल्या. "आणि पकडलं कोणी? ह्यांनी. तुम्ही काढताय त्यांनी."

मॅडमनी काकांचा कागद घेतला, त्यावर आडवी रेघ मारली, खाली रद्द लिहून सही केली. दुसरा कोरा कागद साहेबांसमोर ठेवला. "काय झालं ते त्या बाळाच्या वडिलांना तुम्ही लिहून द्याल. तुमच्या नावानं. आज. आणि फलक चढवायचा अधिकार सोडाल. तो ह्या दोघांकडे राहील. चढवण्याआधी एकानं दुसऱ्याला दाखवायचं."

"मला नको, मॅडम," काका घाईघाईनं म्हणाले. "मला भीती वाटते."

"म्हणूनच," मॅडम म्हणाल्या.

साहेबांनी माफी मागितली नाही. काकांची तर नाहीच. कागद उचलला आणि "तांत्रिक गोंधळ" असं काहीसं पुटपुटत निघून गेले. सिस्टरांना त्यांच्यामागे जिन्यापर्यंत जावंसं वाटलं. पाठ दुखत होती म्हणून गेल्या नाहीत, असं त्या नंतर म्हणाल्या. ते काही खरं नव्हतं. काका दाराच्या चौकटीला धरून उभे होते, आणि त्यांना धरून खाली न्यायला कोणीतरी हवं होतं.

दोघं एकेक पायरी उतरले. मधल्या वळणावर काका म्हणाले, "घरी बायकोला सकाळीच फोन केला होता. सांगितलं, बहुतेक नोकरी गेली. ती म्हणाली, जेवून घ्या आधी."

"मग आता करा फोन. सांगा, राहिली."

"करतो." त्यांनी फोन काढला, आणि नंबर लावायच्या आधी थांबले. "बाळाचं संध्याकाळी कळेल म्हणालात ना?"

"सहापर्यंत."

"मी सहापर्यंत थांबतो," काका म्हणाले.